मिनिटाला किती शब्द: वाचनचाचणीपूर्वीच्या सहा महिन्यांच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

आजपासून ही वही सुरू करीत आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात राहते आणि तालुक्याच्या ठिकाणी स्टाफ नर्स म्हणून काम करते. डिसेंबरमध्ये आयईएलटीएस ही इंग्रजी भाषेची परीक्षा देण्याचे मी ठरविले आहे. ब्रिटनमधील परिचारिका नोंदणीसाठी श्रवण, वाचन आणि संभाषण या तिन्हींत ७ बँड आणि लेखनात ६.५ बँड लागतो. संभाषणाची मला भीती नाही आणि लेखनासाठी वेगळी वही केली आहे. या वहीत केवळ वाचनाच्या नोंदी राहतील, कारण काल घरी सोडविलेल्या सराव परीक्षेत मी वाचनातच सर्वांत जास्त अडखळले.

अॅकॅडेमिक वाचनाच्या परीक्षेत ६० मिनिटांत तीन उतारे आणि ४० प्रश्न असतात. तिन्ही उताऱ्यांचे मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द होतात आणि उत्तरे उतरविण्यासाठी वेगळा वेळ मिळत नाही. साधारणपणे ३० उत्तरे बरोबर आली तर ७ बँड आणि २३ आली तर ६ बँड मिळतो. काल माझे २७ प्रश्न सोडवून झाले आणि त्यांपैकी १७ बरोबर निघाले. तिसऱ्या उताऱ्याचे पहिले दोनच परिच्छेद वाचून झाले असताना वेळ संपली. जे प्रश्न वाचताही आले नाहीत त्यांचे गुण गेले, ही गोष्ट मला चुकलेल्या उत्तरांपेक्षा जास्त लागली.

६ जून २०२४, गुरुवार

सरावासाठी इंग्रजी वर्तमानपत्र वाचते. वेग मोजायचा तर शब्द मोजावे लागतात आणि वर्तमानपत्रात शब्दसंख्या छापलेली नसते. दोन दिवस मी एकेक शब्द मोजत बसले आणि त्यातच अर्धा तास जाऊ लागला. आता अशी रीत ठरविली आहे की लेखाच्या मधल्या भागातील सलग दहा ओळींचे शब्द मोजायचे, त्यावरून एका ओळीची सरासरी काढायची आणि लेखाच्या एकूण ओळींनी तिला गुणायचे. पहिल्या दहा ओळी घेत नाही, कारण तिथे गावाचे नाव, बातमीदाराचे नाव आणि मोठ्या टाइपातील शब्द असतात, त्यामुळे सरासरी बिघडते.

आजचा 'हितवाद' या इंग्रजी दैनिकातील अग्रलेख ९२ ओळींचा होता. दहा ओळींत ५३ शब्द, म्हणजे ओळीला ५.३ आणि एकूण सुमारे ४८८ शब्द झाले. नाडी मोजण्यासाठी वापरते तेच सेकंदकाट्याचे घड्याळ समोर ठेवून वाचले आणि ४ मिनिटे २० सेकंद लागली. ४८८ भागिले ४.३३ म्हणजे मिनिटाला ११३ शब्द. हा आकडा मी आरंभाचा आकडा म्हणून धरते.

हिशेब करून पाहिला. २५५० शब्दांचे तीन उतारे या वेगाने नुसते एकदा वाचायला जवळजवळ २३ मिनिटे लागतील. उरलेल्या ३७ मिनिटांत ४० प्रश्न वाचायचे, उत्तरे शोधायची आणि लिहायची.

१६ जून २०२४, रविवार

गावातील निवृत्त इंग्रजीच्या सरांकडे गेले होते. सातवी ते दहावी त्यांनीच मला शिकविले. वही पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मराठीत तुझा वेग किती आहे, ते मोजलेस का?" मी मोजले नव्हते. त्यांनी त्यांच्याकडील मराठी दैनिक पुढे केले आणि हातातील घड्याळ काढून ठेवले. एका बातमीचे ३२० शब्द मी १ मिनिट ५५ सेकंदांत वाचले, म्हणजे मिनिटाला १६७.

सरांनी लगेच सांगितले की हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून वजाबाकी करू नकोस. "घरासमोरच्या" हा मराठीत एक शब्द आहे, तर इंग्रजीत तेवढ्याच अर्थाला चार-पाच शब्द लागतात. त्यामुळे मराठीतील १६७ शब्दांत इंग्रजीतील १६७ शब्दांपेक्षा पुष्कळ अधिक मजकूर बसतो आणि माझा खरा फरक आकड्यांत दिसतो त्याहून मोठा आहे. पण त्यातून एक गोष्ट निश्चित झाली, ती म्हणजे माझे डोळे संथ नाहीत आणि वाचण्याची सवयही सुटलेली नाही. इंग्रजीत वेग कमी पडतो तो शब्द ओळखायला वेळ लागतो म्हणून. डोळे भराभर फिरविण्याचे जे व्यायाम मी मोबाइलवर पाहून चार दिवस केले होते, ते आजपासून बंद करीत आहे.

३० जून २०२४, रविवार

चार आठवडे झाले. रोज एक अग्रलेख आणि आठवड्यातून दोन वेळा घड्याळ लावून सराव उतारा, असा क्रम होता. आठवड्याच्या सरासऱ्या ११३, ११५, ११२ आणि १३१ आल्या. शेवटचा आकडा पाहून मला आनंद झाला होता. सरांनी त्यावर हात ठेवून विचारले, "आकलनाचा रकाना कुठे आहे?"

तो रकाना नव्हता. त्यांनी समोर बसवून एक लेख वाचायला दिला आणि मी तो मिनिटाला १७१ शब्दांच्या वेगाने संपविला. मग त्यांनी वर्तमानपत्र मिटून पाच साधे प्रश्न विचारले: कोणी निर्णय घेतला, कशासाठी घेतला, विरोध कोणाचा होता, लेखकाचे मत काय आणि त्याने कोणते उदाहरण दिले. मला दोनच उत्तरे देता आली. माझे डोळे पुढे गेले होते आणि अर्थ मागे राहिला होता. ज्या आठवड्यात सरासरी १३१ आली, त्या आठवड्यात मी बहुधा असेच वाचत होते. तो आकडा वहीत खोडला आहे.

आजपासून नियम असा आहे की पाचपैकी चार उत्तरे बरोबर आली तरच त्या दिवसाचा वेग मोजला जाईल, नाही तर त्या रकान्यात केवळ एक आडवी रेघ राहील. सर भेटतील त्या दिवशी प्रश्न ते काढतील. इतर दिवशी लेख संपताच तो उलटा ठेवून पाच वाक्यांत काय वाचले ते मी लिहायचे आणि मग लेखाशी ताडून पाहायचे.

दुसरा बदल अधिक मोठा आहे. सरांनी मला त्या ४८८ शब्दांच्या अग्रलेखात न कळलेले शब्द अधोरेखित करायला लावले. ते ३९ निघाले, म्हणजे शंभरात आठ. दर बारा-तेरा शब्दांमागे एक खड्डा असेल तर गाडी पळणार कशी? अशा मजकुरावर शब्दसंग्रह वाढविता येतो, पण वेग वाढविता येत नाही, आणि मी एकाच लेखाकडून दोन्ही कामांची अपेक्षा करीत होते.

१४ जुलै २०२४, रविवार

दोन्ही कामे वेगळी केली त्याला दोन आठवडे झाले. वेगासाठी सोपा मजकूर घेते, म्हणजे ज्यात शंभर शब्दांत दोनपेक्षा जास्त अनोळखी शब्द नसतील असा. तो निवडण्यासाठी लेखाचा पहिला परिच्छेद न मोजता वाचते आणि अनोळखी शब्दांवर बोट ठेवते. दोन बोटांत भागले तर तो लेख वेगाचा, नाही तर अभ्यासाचा. जिल्ह्याच्या बातम्या, पावसाच्या बातम्या, आरोग्य विभागाच्या बातम्या आणि खेळाचे पान बहुतेक वेळा वेगात बसते. अर्थविषयक लेख आणि अग्रलेख अभ्यासात जातात. ते मी घड्याळ न लावता, शब्दकोश जवळ घेऊन, दिवसाआड एक असे वाचते.

वेगाच्या लेखांपैकी एक लेख रोज लागोपाठ तीन वेळा वाचते. काल ४०० शब्दांच्या बातमीला पहिल्या वाचनात ३ मिनिटे २० सेकंद, दुसऱ्यात २ मिनिटे ४० सेकंद आणि तिसऱ्यात २ मिनिटे १५ सेकंद लागली, म्हणजे १२०, १५० आणि १७८. वहीच्या मुख्य रकान्यात मात्र १२० हाच आकडा जातो, कारण परीक्षेत कोणताही उतारा तीन वेळा भेटणार नाही. तिसऱ्या वाचनाचा उपयोग इतकाच की "ॲज वेल ॲज", "इन द वेक ऑफ" असे तीन-चार शब्दांचे गट एकत्र दिसू लागतात आणि दुसऱ्या दिवशी नव्या बातमीत तेच गट आले की डोळा त्यांच्यापाशी थांबत नाही. आईने काल विचारले, "किती खेपा वाचतं वं तोच पेपर?" तिला मी आकडे दाखविले आणि तिला ते पटले असे वाटते, कारण आज तिनेच घड्याळ आणून दिले.

नव्या मजकुराची सरासरी या आठवड्यात १२४ आहे आणि गेल्या दहा दिवसांपैकी आठ दिवस आकलन चार किंवा त्याहून अधिक आहे.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

पॅरिस ऑलिम्पिकचा आज शेवटचा दिवस. २६ जुलैपासून मी वेगाच्या वाचनासाठी दुसरे काहीच घेतले नाही. ही सूचनाही सरांचीच. त्यांचे म्हणणे असे की रोज निराळ्या विषयावरील बातमी वाचली तर रोज नवी नावे आणि नवे शब्द समोर येतात, परंतु एकच विषय काही आठवडे धरून ठेवला तर तेच शब्द इतक्या वेळा भेटतात की त्यांना ओळखण्याचे श्रम राहत नाहीत.

नोंदी पाहता ते खरे ठरले. नेमबाजीची पहिली बातमी मी ११८ च्या वेगाने वाचली. "क्वालिफिकेशन" आणि "फायनल" यांतील गुणपद्धत वेगळी असते हेच मला माहीत नव्हते, त्यामुळे एकेका वाक्यावर थांबावे लागले. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांना १ ऑगस्टला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळाले, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा वेग १५७ होता आणि पाचही उत्तरे बरोबर होती. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन अवस्थांत नेम धरावा लागतो, हे तोपर्यंत मला ठाऊक झाले होते आणि वाक्य पूर्ण होण्याआधीच ते कोठे चालले आहे याचा अंदाज येत होता.

१५७ हा माझा सर्वसाधारण वेग नव्हे, हे मात्र लिहून ठेवते. त्याच आठवड्यात मुद्दाम घेतलेल्या पुरातत्त्वावरील सराव उताऱ्यावर १३४ आले. विषय ओळखीचा असला की वेग वाढतो आणि परीक्षेतील विषय आपल्या हाती नसतो. म्हणून यापुढे दर रविवारी एक अनोळखी विषयावरील उतारा घ्यायचा आणि प्रगती केवळ त्याच्यावरूनच ठरवायची. पुढचा विषय ठरला आहे: हवामान आणि भूजल, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत.

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

आज पोळा. रुग्णालयात दुपारची ड्युटी होती, म्हणून सकाळीच वाचन केले. रविवारच्या उताऱ्याचा वेग १४६.

गेल्या आठवड्यात एक प्रयोग केला आणि तो सोडून दिला. वाचलेल्या ओळी जाड कागदाच्या पट्टीने झाकत पुढे गेले की मागे वळून पाहण्याची सवय मोडते, असे एका परिचिताने सांगितले होते. वेग खरोखरच १७६ पर्यंत गेला, परंतु पाचपैकी बरोबर उत्तरे सहा दिवसांत सरासरी तीनच्या खाली आली. लांब वाक्यात "इट" किंवा "विच" कोणाबद्दल आहे हे पाहण्यासाठी डोळा मागे जातो, आणि तो जावाच लागतो. चांगले वाचणारेही अधूनमधून मागे वळतात. मला जे टाळायचे आहे ते संपूर्ण परिच्छेद पुन्हा वाचणे, आणि पट्टीने ते टळत नाही.

नाइट ड्युटीनंतरच्या सकाळचे आकडे वेगळ्या शाईने लिहायला सुरुवात केली आहे. ते बरोबर वीस-पंचवीस शब्दांनी खाली असतात. सरासरीत मिसळले की उगाच घसरण दिसते.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

जूननंतर आज पहिल्यांदा संपूर्ण सराव परीक्षा दिली. तिन्ही उतारे मिळून २५५० शब्द होते, वाचनाचा वेग १६५ होता, आणि गुण २४ आले. जूनमध्ये १७ होते. वेग जवळजवळ दीडपट झाला असताना केवळ सात गुण वाढले आणि तिसऱ्या उताऱ्याचे पाच प्रश्न पुन्हा कोरेच राहिले, हे पाहून मी बराच वेळ सुन्न बसले होते.

नंतर हिशेब मांडला. ११३ च्या वेगाने २५५० शब्दांना २२ मिनिटे ३४ सेकंद लागत होती, १६५ च्या वेगाने १५ मिनिटे २७ सेकंद लागतात. साडेतीन महिन्यांच्या कष्टातून सात मिनिटे वाचली. ती सात मिनिटे खरी आहेत, पण साठांपैकी उरलेली पंचेचाळीस कोठे जातात याची एकही नोंद या वहीत नाही.

नशिबाने आजच्या परीक्षेत मी एक सोय करून ठेवली होती. मोबाइलवर आवाज नोंदविणे चालू ठेवून प्रत्येक काम बदलताना एकेक शब्द बोलत होते: "वाचन", "प्रश्न", "शोध", "लिहिणे". प्रसूती कक्षात आपण घटना आणि वेळ मोठ्याने बोलतो आणि दुसरी सिस्टर लिहून घेते, त्यावरून ही कल्पना सुचली. संध्याकाळी ते ऐकत वहीत मिनिटे मांडली. उताऱ्यांचे पहिले वाचन साडेपंधरा मिनिटे, प्रश्न वाचणे नऊ मिनिटे, उत्तरे लिहिणे पाच मिनिटे, आणि शोध साडेतीस मिनिटे.

निम्मी परीक्षा मी एकदा वाचलेल्या मजकुरात पुन्हा उत्तरे शोधत होते. वेग आणखी वाढवून १९० केला तरी पहिल्या वाचनातून जेमतेम दोन मिनिटे मिळतील. शोध साडेतीसवरून वीस मिनिटांवर आला तर दहा मिळतील.

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

या आठवड्यात वर्तमानपत्र सुटीवर. सर्व वेळ एकाच उताऱ्याला दिला, आणि त्याचे तपशील येथे पूर्ण लिहिते, कारण पुढील दोन महिन्यांची दिशा त्यातून ठरली.

सरांनी तयार केलेला हा उतारा एकोणिसाव्या शतकातील बर्फाच्या व्यापारावर होता. ८२० शब्द, 'ए' ते 'जी' असे सात परिच्छेद आणि १३ प्रश्न. त्यांपैकी पाच प्रश्न "ही माहिती कोणत्या परिच्छेदात आहे" या प्रकारचे, चार "ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन" आणि चार गाळलेले शब्द भरण्याचे. सोमवारी मी तो नेहमीच्या पद्धतीने सोडविला. वाचनाला पाच मिनिटे आणि प्रश्नांना एकोणीस लागली, एकूण २४. एका उताऱ्याला वीस मिनिटांपेक्षा जास्त देता येत नाहीत.

आवाजाच्या नोंदीवरून दिसले की एकोणिसांपैकी दहा मिनिटे केवळ परिच्छेद ओळखण्याच्या पाच प्रश्नांनी खाल्ली. इतर दोन प्रकारांतील प्रश्न बहुधा उताऱ्याच्या क्रमाने येतात, म्हणून एकाचे उत्तर जिथे सापडले तिथून खालीच दुसऱ्याचे शोधायचे असते. या पाच प्रश्नांना क्रम नसतो, आणि मी प्रत्येक प्रश्नासाठी 'ए' परिच्छेदापासून पुन्हा सुरुवात करीत होते. म्हणजे जवळजवळ संपूर्ण उतारा पाच वेळा चाळत होते. "कशात काय आहे" याचा नकाशा पहिल्या वाचनातून डोक्यात तयारच होत नव्हता. वर्तमानपत्र वाचताना मी जी पाच वाक्ये लिहीत होते त्यांत काय घडले हे असायचे, कोणत्या परिच्छेदात घडले हे नसायचे.

मंगळवारी सरांनी सांगितले की प्रत्येक परिच्छेद संपला की दोन-तीन सेकंद थांबून समासात दोन-तीन शब्द लिही, मराठीत लिहिलेस तरी चालेल. मी असे लिहिले: ए, न्यू इंग्लंडची गोठलेली तळी. बी, पहिला प्रयत्न, मार्टिनिक, तोटा. सी, लाकडाचा भुसा. डी, कलकत्ता १८३३. ई, मद्रास, मुंबईची बर्फघरे. एफ, यंत्राचा बर्फ. जी, व्यापार बंद.

पहिले वाचन पाच मिनिटांवरून पाच मिनिटे चाळीस सेकंदांवर गेले, म्हणजे माझ्या मुख्य रकान्यातील वेग १६४ वरून १४५ वर घसरला. वेगाच्या आकड्यावर नजर ठेवून बसले असते तर मी हा बदल कधीच केला नसता. अर्थात त्याच उताऱ्यावर पुन्हा प्रश्न सोडवून काहीच सिद्ध होत नव्हते, म्हणून शुक्रवारी तेवढ्याच लांबीचा आणि तशाच प्रश्नांचा, रेशमाच्या उत्पादनावरील नवा उतारा घेतला. त्यात वाचनाला ५ मिनिटे ५० सेकंद, परिच्छेदाच्या पाच प्रश्नांना चार मिनिटे आणि उरलेल्या आठ प्रश्नांना आठ मिनिटे दहा सेकंद लागली. एकूण अठरा मिनिटे, आणि तेरापैकी दहा बरोबर.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

वर्तमानपत्र पुन्हा सुरू केले, आता दोन बदलांसह. प्रत्येक लेखाच्या समासात परिच्छेदाची दोन शब्दांची खूण, आणि पाच वाक्यांऐवजी वर्तमानपत्र मिटून "कोणती गोष्ट कोणत्या परिच्छेदात" हे तीन गोष्टींपुरते सांगणे. वर्तमानपत्रातील परिच्छेद फार लहान, एक-दोन वाक्यांचे असतात, त्यामुळे बातम्यांवर हा सराव जमत नाही. रविवारच्या पुरवणीतील लांब लेख त्यासाठी बरे पडतात.

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३ तारखेला घेतला. शुक्रवारी मराठी दैनिकातील बातमी आधी वाचली आणि मग इंग्रजी. इंग्रजी बातमीचा वेग १९२ आला! बातमी आनंदाची होती आणि सगळा मजकूर आधीच माहीत होता, म्हणून हा आकडा मुख्य रकान्यात घेतला नाही. परंतु अभ्यासाच्या, म्हणजे कठीण, लेखांसाठी ही रीत फार उपयोगी आहे. रिझर्व्ह बँकेच्या व्याजदराबद्दल आधी मराठीत वाचून घेतले की इंग्रजी लेखातील शब्दांचा अर्थ शब्दकोशाशिवाय लागतो आणि तो लक्षातही राहतो.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

शोधाच्या साडेतीस मिनिटांपैकी मोठा वाटा आता "नॉट गिव्हन" घेतो. जी माहिती उताऱ्यात नाहीच ती मी शोधत राहते, आणि नसलेली गोष्ट शोधायला अंत नसतो.

बर्फाच्या उताऱ्यातील तीन विधाने पुन्हा काढून पाहिली. उताऱ्यात असे होते की बोस्टनहून १८० टन बर्फ घेऊन निघालेले जहाज सुमारे चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचले तेव्हा त्यातील सुमारे १०० टन शिल्लक होता. "निम्म्याहून अधिक बर्फ टिकला" हे विधान बरोबर, कारण १८० चे निम्मे ९०. "प्रवास तीन महिन्यांच्या आत पूर्ण झाला" हे चूक, कारण उतारा त्याच गोष्टीबद्दल त्याच्या विरुद्ध सांगतो. "कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी बर्फाचे पैसे आगाऊ दिले होते" याबद्दल उतारा काहीच सांगत नाही. येथे मी "फॉल्स" लिहिले होते आणि त्यासाठी दोन मिनिटे दहा सेकंद घालविली होती. माझ्या मनात तर्क असा होता की इतक्या धोक्याच्या मालाचे पैसे आधी कोण देईल? तो तर्क माझा होता, उताऱ्याचा नव्हे.

आता अशी रीत आहे: विधानातील गोष्ट (येथे पैसे) उताऱ्यात कोणत्या जागी यायला हवी ते आधीच्या आणि नंतरच्या प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरवायचे, तेवढाच तुकडा एकदा नीट वाचायचा, आणि त्यात त्या गोष्टीबद्दल होकार किंवा नकार दोन्ही नसेल तर "नॉट गिव्हन" लिहून पुढे जायचे. एका विधानाला सव्वा मिनिट, त्याहून अधिक नाही. चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत, म्हणून जागा कोरी ठेवायची नाही. दोन आठवड्यांत अशा २४ विधानांपैकी १७ बरोबर आली आणि सरासरी वेळ एक मिनिट पाच सेकंद. जी सात चुकली त्यांतील पाच ठिकाणी मी पुन्हा स्वतःचा तर्क मिसळला होता.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

मी संगणकावरची परीक्षा निवडली आहे आणि आतापर्यंतचा सगळा सराव कागदावर झाला. दिवाळीनंतर तालुक्याच्या नेट कॅफेत रोज एक तास बसण्याचे ठरविले. पहिल्या दिवशी वेग १६८ वरून १५० वर आला आणि शोधाचा वेळ पुन्हा वाढला. कारण लवकर लक्षात आले. कागदावर मला "ते डाव्या पानावर वरच्या बाजूला होते" अशी आठवण राहते. पडद्यावर उतारा डाव्या बाजूला वरखाली सरकत असतो आणि मजकुराला जागाच राहत नाही.

समासातील खुणा येथे कशा लिहायच्या हाही प्रश्न होता. परीक्षेत टिपणासाठी कागद मिळतो, म्हणून परिच्छेदाचे अक्षर आणि दोन शब्द त्या कागदावर एकाखाली एक लिहिते. शब्दांवर रंग चढविण्याची सोय पडद्यावर आहे, पण सुरुवातीला मी इतका रंग चढविला की काहीच वेगळे दिसेना. आता केवळ व्यक्तींची नावे आणि वर्षे रंगविते. काही दिवसांनंतर पडद्यावरचा वेग १६४ झाला.

कागदावरील वेग मात्र महिनाभर १६८ ते १७२ च्या मध्येच आहे. तो वाढविण्यासाठी आता काही करीत नाही.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

आज नेट कॅफेत संपूर्ण सराव परीक्षा दिली, आणि आधी अर्धा तास श्रवणाचा भाग सोडविला. प्रत्यक्ष परीक्षेत श्रवणानंतर मधली सुटी न घेता वाचन सुरू होते आणि माझ्या सर्व नोंदी ताज्या डोक्याने केलेल्या आहेत, हे मला फार उशिरा सुचले. पहिल्या उताऱ्याच्या पहिल्या दोन परिच्छेदांत लक्ष लागले नाही आणि ते दोनदा वाचावे लागले.

तरीही ४० पैकी ३१. पहिले वाचन सतरा मिनिटे, प्रश्न वाचणे नऊ, शोध एकवीस, लिहिणे पाच, आणि शेवटी आठ मिनिटे उरली, त्यांत खूण करून ठेवलेल्या सहा प्रश्नांकडे परत गेले. एक उत्तर अनेकवचनाचा 'एस' राहिल्यामुळे चुकले. सरांना आकडे वाचून दाखविले. त्यांनी वही घेतली, जूनचे पान उघडले, आजचे पान उघडले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

पुढील दोन आठवडे नाइट ड्युटी बदलून घेतली आहे. माझ्या दोन रात्री ज्या सिस्टरने घेतल्या तिच्या दोन रात्री मी जानेवारीत करीन.

७ डिसेंबर २०२४, शनिवार

नागपूर. काल संध्याकाळीच येऊन आत्याकडे राहिले. सकाळी उठून 'हितवाद'मधील एक सोपी बातमी वाचली, वेळ मोजली नाही.

पहिला उतारा सोळा मिनिटांत झाला. दुसऱ्याला एकवीस लागली, त्यात परिच्छेदांना मथळे जोडायचे होते आणि टिपणाच्या कागदावरील सात ओळींवरून त्यांतील पाच मथळे उताऱ्याकडे न बघता लावता आले. तिसरा उतारा कठीण होता, विषय मला पूर्ण अनोळखी होता आणि वेग नक्कीच कमी पडला. दोन "नॉट गिव्हन" सव्वा मिनिटाच्या आत सोडून दिले. चाळिसावे उत्तर टंकले तेव्हा पडद्यावर तीन मिनिटे शिल्लक होती आणि त्यांत दोन शब्दांची स्पेलिंगे पुन्हा तपासली. एकही जागा कोरी नाही.

बसमध्ये बसून हे लिहीत आहे. वर्ध्याच्या पुढे उजेड गेला, म्हणून येथेच थांबते.